२२ मजल्यांच्या इमारतीत सॉइल आणि वेस्ट स्टॅकचा व्यास: १०० की १५०?

प्रश्न: आमची पुण्यात पार्किंग, पोडियम आणि त्यावर राहण्याचे २२ मजले अशी इमारत आहे. एका डक्टमध्ये दर मजल्यावर दोन फ्लॅटची दोन टॉयलेट पाठीला पाठ लावून येतात. सॉइल आणि वेस्ट पाइप वेगळे आहेत. पोडियमच्या छताखाली दोन्ही स्टॅक साधारण ६ मीटर आडवे न्यावे लागतात. प्लंबिंग कंत्राटदार म्हणतो, "एवढ्या उंचीला सॉइलला १५० हवाच, वेस्टला ७५ पुरे आणि व्हेंटलाही ७५." फिक्स्चर युनिट लावून हे बरोबर ठरतं का? शेजारच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर नहाणी ट्रॅपमधून फेस येतो, तसं आमच्याकडे होऊ नये.

उत्तर:

आधी निकाल सांगतो. उभ्या सॉइल स्टॅकला १०० मिमी पुरतो. वेस्टला ७५ चालत नाही, तिथेही १०० घ्या. व्हेंटही १०० ची लागते. १५० चा पाइप खरोखर कुठे लागत असेल, तर तो पोडियमखालच्या ६ मीटरच्या आडव्या भागात. कंत्राटदाराचे तिन्ही आकडे चुकलेत, आणि मुख्य म्हणजे तो मोठा पाइप जिथे वापरू पाहतोय ती जागाच चुकीची आहे.

फिक्स्चर युनिट म्हणजे कमोड, बेसिन अशी प्रत्येक वस्तू पाइपवर किती भार टाकते त्याचा ठरवून दिलेला आकडा. मोजणी मजल्यापासून सुरू करू. टाकीवर चालणाऱ्या कमोडला ४ युनिट, बेसिनला १, शॉवरला २. तक्त्यात पूर्ण बाथरूमचा एकत्रित आकडा ६ दिलेला असतो, सुटी बेरीज मात्र ७ येते. हा एक युनिटचा फायदा सगळं पाणी एकाच स्टॅकमध्ये जात असेल तरच घ्यायचा. तुमच्याकडे सॉइल आणि वेस्ट वेगळे आहेत, म्हणून सुटी मोजणी करायची: सॉइलमध्ये ४ आणि वेस्टमध्ये ३. शॉवरचं आणि बादलीच्या आंघोळीचं पाणी नहाणी ट्रॅपमधूनच जातं, त्यामुळे ट्रॅपचा वेगळा १ युनिट पुन्हा जोडू नका. ही दुहेरी मोजणी मला अनेक ड्रॉइंगमध्ये दिसते आणि शेवटी पाइप एक साइझ वर ढकलला जातो.

दर मजल्यावर दोन टॉयलेट. म्हणजे सॉइल २ × ४ × २२ = १७६ आणि वेस्ट २ × ३ × २२ = १३२.

आता तक्ता. इंटरनॅशनल प्लंबिंग कोडमध्ये १०० मिमीच्या स्टॅकला, तीनपेक्षा जास्त मजल्यांचे जोड असतील तर, एकूण ५०० युनिट चालतात. त्याचबरोबर एका मजल्यावरून येणारा भार ९० च्या आत हवा. ही दुसरी अट लोक वाचतच नाहीत. एकाच पातळीवर खूप पाणी घुसलं तर ते तिथेच पाइपचं तोंड अडवतं, मग एकूण बेरीज कितीही कमी असो. तुमच्याकडे एका मजल्याचे सॉइल युनिट फक्त ८ आहेत. ९० कुठे आणि ८ कुठे! १७६ सुद्धा ५०० च्या निम्म्याहून कमी.

युनिफॉर्म प्लंबिंग कोडच्या वळणाचे तक्ते वापरत असाल तर तिथे १०० च्या उभ्या पाइपला २५६ ची मर्यादा आहे आणि घरगुती ६ लिटरच्या कमोडला ३ युनिट धरतात. त्या हिशोबानेही तुमचा सॉइल १३२ वर थांबतो. फक्त एका कोडचे युनिट आणि दुसऱ्या कोडची मर्यादा अशी सरमिसळ करू नका. तुमची इमारत सिंगल स्टॅकची असती तर बाथरूमला ६ प्रमाणे २६४ आले असते. एका तक्त्यात ते आरामात बसतात, दुसऱ्यात थोडक्यात बाहेर जातात. म्हणून कोणता कोड धरलाय ते ड्रॉइंगवर लिहा आणि शेवटपर्यंत तोच पाळा.

"४४ कमोड आणि एकच १०० चा पाइप?" हा प्रश्न मीटिंगमध्ये हमखास येतो, म्हणून तक्ता बाजूला ठेवून एकदा हाताने पडताळून पाहू. उभ्या पाइपमध्ये पाणी पाइप भरून पडत नाही. ते भिंतीला चिकटून कड्यासारखं उतरतं आणि मधून हवा वाहते. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये वायली आणि ईटन यांनी यावर केलेलं काम १९६१ मध्ये प्रसिद्ध झालं. पाइपच्या छेदाचा साधारण सात चोविसांश भाग पाण्याने व्यापला तर हवेला पुरेशी वाट राहते, असं धरून स्टॅकची क्षमता काढतात:

```
Q = 31.5 × r^(5/3) × D^(8/3)
Q : घनमीटर प्रति सेकंद,  D : मीटर,  r = 7/24
```

१०० मिमीला हे उत्तर जवळपास ९ लिटर प्रति सेकंद येतं.

आता भार. सकाळच्या गर्दीत प्रत्येक कमोड दर १५ मिनिटांनी एकदा फ्लश होतो आणि पाणी १० सेकंद वाहतं असं धरू. म्हणजे कुठल्याही क्षणी एखादा कमोड वाहत असण्याची शक्यता ९०० सेकंदांत १०. अशा ४४ कमोडांची सरासरी काढली तर एका वेळी अर्धा कमोडही वाहत नाही. संभाव्यतेने पाहिलं तर तीनपेक्षा जास्त कमोड एकदम वाहण्याची वेळ हजारात एक-दोन क्षण येते. प्रत्येकाचा कमाल प्रवाह २ लिटर प्रति सेकंद धरला तरी तीन कमोडांचे ६ होतात, आणि आपली क्षमता आहे ९.

आपल्याकडे एक वेगळी गोष्ट धरावी लागते. काही सोसायट्यांत पाणी ठरावीक तासच सोडतात आणि सगळ्यांची कामं त्याच वेळात होतात. त्यासाठी वरची शक्यता दुप्पट करून पाहा. मग तीनऐवजी चार कमोड धरावे लागतात, म्हणजे ८ लिटर प्रति सेकंद. तरीही १०० पुरतो. फिक्स्चर युनिटच्या तक्त्यांमागे हेच गणित आहे. रॉय हंटर यांनी ते १९४० मध्ये मांडलं, आणि म्हणूनच युनिटची बेरीज म्हणजे प्रवाहाची बेरीज नव्हे. १७६ युनिटचं थेट लिटरमध्ये रूपांतर करत बसलात तर इमारतभर १५० चे पाइप लागतील.

उंचीबद्दलही एक गैरसमज आहे. पाणी २२ मजल्यांवरून पडताना वेग वाढत वाढत जातो आणि तळाचा बेंड फोडतो, असं साइटवर ठामपणे सांगतात. तसं होत नाही. पाइपच्या भिंतीचं घर्षण आणि गुरुत्व यांचा तोल १०० च्या पाइपमध्ये एक-दोन मजल्यांतच साधतो. त्यानंतर वेग सेकंदाला ३ ते साडेचार मीटरच्या आसपास स्थिर राहतो. पाचव्या मजल्यावरून आलेलं पाणी आणि बाविसाव्यावरून आलेलं पाणी तळाला जवळपास त्याच वेगाने पोचतं. उंचीने वाढते ती पाण्याबरोबर ओढली जाणारी हवा, आणि खरी अडचण तिचीच आहे. तिच्याकडे पुढे येतो.

वेस्टकडे वळू. १३२ युनिट. तीनपेक्षा जास्त मजल्यांच्या ७५ मिमी स्टॅकला इंटरनॅशनल कोड ७२ देतो, इतर काही तक्ते त्याहूनही कमी देतात. म्हणजे ७५ बाराव्या मजल्यालाच संपतो. शिवाय बाजारात जो "७५" मिळतो तो आतून ७५ नसतो. यूपीव्हीसी एसडब्ल्यूआर पाइपचा आकडा हा बाहेरचा व्यास असतो. सॉइल-वेस्टसाठी लागणाऱ्या टाइप बी मध्ये भिंत ३.२ मिमी, म्हणून आतला व्यास ६८.६ मिमी उरतो. वरच्या सूत्रात घालून पाहा: खऱ्या ७५ ला ४ लिटर प्रति सेकंद, या पाइपला ३.२. एक पंचमांश क्षमता फक्त नावामुळे गेली. तक्त्यातला १०० म्हणजे बाजारातला ११० आणि १५० म्हणजे १६०, एवढं ऑर्डर देताना लक्षात ठेवा. टाइप ए ची भिंत पातळ असते आणि तो व्हेंट व पावसाच्या पाण्यासाठी असतो. सॉइल लाइनला तो बसवलेला दिसला तर तिथेच काम थांबवा.

किचनच्या स्टॅकचं तुम्ही विचारलं नाहीत, पण फेस तिथूनच येतो. एका मजल्यावर एक किचन धरलं तर सिंक २ आणि वॉशिंग मशीन २, म्हणजे २२ मजल्यांचे ८८. इथेही ७५ अपुरा पडतो, १०० घ्या.

आता पोडियमखालचे ते ६ मीटर. सेकंदाला तीन-चार मीटरने कड्यासारखं उतरणारं पाणी बेंडला येऊन आडवं होतं आणि त्याचा वेग एकदम मीटरभरावर येतो. तेवढंच पाणी कमी वेगाने जायचं तर त्याची खोली वाढणार. बेंडनंतर साधारण दहा व्यासांच्या अंतरात पाणी उसळून पाइपच्या माथ्यापर्यंत जाऊ शकतं. वरून पाण्याबरोबर आलेली हवा तिथे कोंडते आणि बेंडच्या वरच्या दोन मजल्यांत दाब वाढतो. ट्रॅपमध्ये पाण्याची सील असते ५० मिमी, आणि दाबाचा चढउतार पाण्याच्या २५ मिमीच्या आत ठेवायचा असतो. तो ओलांडला की पहिल्या मजल्यावरची नहाणी गुडगुडते, वास येतो, आणि साबणाचं पाणी असेल तर फेस वर येतो. फेस हलका असतो, पाणी निघून गेलं तरी तो आडव्या पाइपमध्ये साचून हवेची वाट अडवतो. शेजारच्या इमारतीत बहुधा हेच घडतंय.

हा आडवा भाग स्टॅकच्या तक्त्याने ठरवत नाहीत, जमिनीखालच्या ड्रेनच्या तक्त्याने ठरवतात. तिथे १०० मिमीला १:१०० उतारावर १८० युनिट आणि १:५० उतारावर २१६. तुमचे १७६ म्हणजे १:१०० वर फक्त ४ युनिट शिल्लक. कागदावर पास, पण उतार बांधकामात जरा कमी पडला की गेलाच. मी इथे १५० मिमी, १:१०० उताराने घेईन. तक्त्यात त्याला ७०० युनिट आहेत, पण माझं कारण ते नाही. ६ लिटर प्रति सेकंदाला १०० चा पाइप १:५० उतारावरही व्यासाच्या साठ टक्क्यांहून जास्त भरतो. १५० चा पाइप १:१०० वर चाळीस टक्क्यांच्या आसपास भरतो. उसळीसाठी आणि हवेसाठी वर जागा राहते. उतारासाठी ६ मीटरला ६० मिमी लागतात, तेवढे बीमखाली सहसा मिळतात.

मोठ्या आडव्या पाइपमध्ये पाण्याचा थर पातळ होऊन मैला अडकण्याची भीती असते, आणि ती लांब लाइनमध्ये रास्त आहे. ६ मीटरच्या तुकड्यात, २२ मजल्यांचं पाणी मागून येत असताना, ती अडचण येत नाही. आडव्यानंतर पुन्हा खाली जाणारा उभा भाग मात्र १५० चाच ठेवा. प्रवाहाच्या दिशेने व्यास कधी कमी करायचा नाही. किचन-वॉशिंगच्या स्टॅकचा आडवा भागही १५० करा, फेसासाठी. बाथरूमच्या वेस्टला १०० आणि १:५० चालेल.

बेंडला एकच ९० अंशाचा तुकडा लावू नका. ४५ चे दोन बेंड, मध्ये छोटा सरळ तुकडा, आणि खाली भक्कम आधार. क्लीनिंग डोअर उभ्या पाइपवर बेंडच्या जरा वर ठेवा. पोडियमच्या छतात तो उघडायला माणूस पोचेल ना, हे आताच बघा.

आणि पहिल्या दोन मजल्यांना या स्टॅकमध्ये जोडूच नका. ब्रिटिश पद्धतीत पाचपेक्षा जास्त मजल्यांच्या इमारतीत सर्वांत खालचा मजला, आणि वीसच्या वर खालचे दोन मजले, वेगळ्या पाइपने नेतात. तुमच्याकडे पहिला आणि दुसरा मजला वेगळ्या १०० च्या लाइनने थेट चेंबरपर्यंत न्यावा. ते जमलंच नाही, तर आडव्या पाइपला बेंडपासून किमान दहा व्यास पुढे, म्हणजे दीड मीटरनंतर जोडा. साबणाच्या लाइनला हे अंतर २.४ मीटरच्या पुढे असावं. फेस अडवायचा सर्वांत खात्रीचा उपाय हा आहे. साइझ कितीही वाढवली तरी त्याची जागा भरून निघत नाही.

राहिली व्हेंट. इथे उंची खरोखर मोजावी लागते, कारण व्हेंटची साइझ भाराबरोबर लांबीवरही ठरते. १०० च्या स्टॅकवर ३२० युनिटपर्यंत भार असेल तर ७५ मिमीची व्हेंट जास्तीत जास्त ५२ मीटर लांब चालते. तुमचे २२ मजले ३ मीटर धरून ६६, वर गच्ची आणि खाली पोडियमचा भाग धरून पंचाहत्तरच्या आसपास. म्हणजे ७५ बाद. वेस्टचे १३२ युनिट हलक्या ओळीत येतात, तिथेही मर्यादा ६१ मीटर. १०० ची व्हेंट ३२० युनिटला १९५ मीटरपर्यंत चालते. सॉइल आणि वेस्ट मिळून एकच व्हेंट ठेवायची असेल तर १७६ + १३२ = ३०८ होतात आणि तीही याच ओळीत बसते. डक्टमध्ये जागा कमी असेल तर एकच १०० ची सामायिक व्हेंट ठेवा, दोन ७५ च्या नकोत.

दहापेक्षा जास्त मजले असल्याने मधे रिलीफ व्हेंटही लागते, वरून मोजत दर दहाव्या मजल्याला. तुमच्याकडे ती तेराव्या आणि तिसऱ्या मजल्यावर येईल. तिचं खालचं टोक स्टॅकला त्या मजल्याच्या ब्रँचच्या खाली वाय ने जोडायचं आणि वरचं टोक व्हेंटला फ्लोअरच्या किमान ९०० मिमी वर. उलटं जोडलं तर पाइप तुंबला की मैला व्हेंटमध्ये चढतो आणि महिनोन्‌महिने कळत नाही.

गच्चीचं किंवा बाल्कनीचं पावसाचं पाणी वेस्ट स्टॅकला जोडायचा मोह डक्ट लहान असला की होतोच. १०० चौरस मीटर गच्चीवर तासाला १०० मिमी पाऊस म्हणजे जवळपास २.८ लिटर प्रति सेकंद, आणि तो सलग वाहतो. फिक्स्चर युनिटचा सगळा हिशोब "थोडा वेळ वाहून थांबणाऱ्या" पाण्याचा आहे. सलग पाणी त्यात मिसळलं की वरचा एकही आकडा खरा राहत नाही.

शेजारच्या इमारतीत नक्की काय बिघडलंय हे पाहायचं असेल तर पहिल्या मजल्यावरच्या नहाणीची जाळी काढा आणि वरच्या तीन-चार मजल्यांवर एकदम फ्लश करायला सांगा. ट्रॅपमधलं पाणी हलून बुडबुडे आले आणि लगेच शांत झालं, तर तळाला दाब वाढतोय. बेंड, आडवा भाग किंवा खालच्या मजल्याचा जोड तपासा. पाणी वर चढून तसंच राहिलं आणि हळूहळू उतरलं, तर पुढे चोकअप आहे. उलट वरच्या मजल्यांवरचे वापरातले ट्रॅप कोरडे पडत असतील, तर खेच बसते आहे आणि दोष व्हेंटमध्ये आहे. गच्चीवर जाऊन काऊल बघा. वॉटरप्रूफिंगच्या वेळी तो कापून पाइपचं तोंड सिमेंटने बंद केलेलं मी पाहिलं आहे.